कंपनीने कर्ज किती काढावे?



'ऋण काढून सण करू नये' ही म्हण आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी घरात ऐकलेली असेल. तिच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु व्यापारी जगाकडे पाहिले म्हणजे एक चमत्कारिक दृश्य दिसते. ज्यांच्यापाशी स्वतःचा पैसा नाही ते तर कर्ज काढतातच. पण ज्यांच्यापाशी तो भरपूर आहे अशा भक्कम कंपन्याही कर्ज काढतात, आणि त्यांचे हिशेबनीस असे सांगतात की, या कर्जामुळे कंपनीची किंमत वाढली. घरात जे अविचाराचे ते कारखान्यात शहाणपणाचे कसे ठरते? आणि ठरत असेल, तर मग कर्ज काढून कंपन्या बुडतात त्या का? आजच्या भाषणात या दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम धुळ्यातील एक काल्पनिक सूतगिरणी आपण हिशेबाला घेऊ, आणि नंतर जळगावातील एका खऱ्याखुऱ्या कंपनीचा इतिहास पाहू.

समजा, धुळ्यास एक सूतगिरणी आहे. सर्व खर्च वजा जाता, परंतु व्याज व कर देण्यापूर्वी, तिला दरसाल १५ कोटी रुपये उरतात. कराचा दर सोयीसाठी शेकडा २५ धरू. गिरणीवर एका पैचेही कर्ज नसेल, तर १५ कोटींवर पावणेचार कोटी कर सरकारजमा होईल आणि उरलेले सव्वाअकरा कोटी भागधारकांचे होतील. अशा धंद्यात पैसा घालणारा मनुष्य वर्षाला शेकडा साडेबारा मिळावेत अशी अपेक्षा करीत असेल, तर सव्वाअकरा कोटींच्या या उत्पन्नासाठी तो ९० कोटी मोजील. म्हणजे बिनकर्जी गिरणीची किंमत ९० कोटी झाली.

आता त्याच गिरणीच्या मालकांनी शेकडा १० व्याजाने ४० कोटी कर्ज काढले आणि ती रक्कम स्वतः वाटून घेतली, असे समजा. यंत्रे तीच, कामगार तेच, सूतही तेच. दरसाल ४ कोटी व्याज द्यावे लागेल. प्राप्तिकराच्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या भांडवलावरील व्याज हा खर्च मानला जातो. भागधारकांना दिलेला लाभांश मात्र खर्च मानला जात नाही, तो कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. सबब कर १५ कोटींवर न बसता ११ कोटींवर बसेल, म्हणजे पावणेतीन कोटी होईल. भागधारकांना सव्वाआठ कोटी उरतील आणि धनकोंना ४ कोटी मिळतील. दोहोंची बेरीज सव्वाबारा कोटी. पूर्वी भांडवल पुरविणाऱ्यांच्या हाती सव्वाअकरा कोटी पडत होते, आता सव्वाबारा पडतात. हा एक कोटी कोठून आला? तो गिरणीने अधिक मिळविला नाही. तो सरकारी तिजोरीत जावयाचा तो गेला नाही, एवढेच.

कर्ज कायम ठेवावयाचे असेल, तर ही एक कोटीची बचत दरसाल होत राहील. दहा टक्के व्याजाने वर्षाला एक कोटी मिळवावयाचे तर आज दहा कोटी ठेव म्हणून ठेवावे लागतात. यास्तव या बचतीची आजची किंमत १० कोटी. ही रक्कम कर्जाच्या ४० कोटींचा बरोबर चौथा हिस्सा आहे, आणि कराचा दरही चौथाच हिस्सा आहे, हा योगायोग नव्हे. कायमच्या कर्जाने वाढणारी किंमत म्हणजे कर्जाची रक्कम गुणिले कराचा दर, असा सोपा नियम त्यातून निघतो. गिरणीची एकूण किंमत आता १०० कोटी झाली. त्यांपैकी ४० कोटींचा हक्क धनकोंचा आणि ६० कोटींचा भागधारकांचा. मालकांच्या खिशात ४० कोटी रोख आले आणि हाती ६० कोटींचे भाग राहिले. त्यांची मत्ता ९० ची १०० झाली. कर्जामुळे मिळणाऱ्या या संरक्षणास अर्थशास्त्रज्ञ कराची ढाल असे म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पुष्कळ लोक म्हणतात की, भागधारकाला साडेबारा टक्के हवे असतात आणि धनको दहा टक्क्यांत समाधान मानतो, म्हणून कर्ज स्वस्त, आणि म्हणून ते फायद्याचे. हा तर्क वरवर पटण्यासारखा असला तरी खरा नाही. धनकोला आधी आणि ठरलेले द्यावे लागते. त्यामुळे धंद्यातील सगळा चढउतार उरलेल्या भागधारकांच्या वाट्याला येतो, त्यांचा धोका वाढतो आणि तेही अधिक उत्पन्न मागू लागतात. एका बाजूने स्वस्त झालेले दुसऱ्या बाजूने महाग होते. मोदिग्लियानी व मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ साली हेच सिद्ध केले की, कर नसता आणि डबघाईचा खर्च नसता तर कर्ज घेतल्याने किंवा न घेतल्याने कंपनीच्या किमतीत काहीच फरक पडला नसता. त्या लेखात कराचा परिणाम नीट मोजला गेला नव्हता. तो त्यांनी १९६३ साली स्वतःच दुरुस्त केला आणि वर सांगितलेला नियम मांडला. तात्पर्य, कर्जाचा खरा लाभ कर्ज स्वस्त असण्यात नाही. तो करात आहे.

हा लाभ किती, हे कराच्या दरावर अवलंबून राहते. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांना एक पर्याय दिला. सर्व सवलती सोडून देण्यास जी कंपनी तयार असेल, तिला अधिभारासह सुमारे सव्वापंचवीस टक्के कर लागू झाला. त्यापूर्वी मोठ्या कंपन्यांस हाच कर अधिभार धरून पस्तीस टक्क्यांच्या घरात पडत असे. म्हणजे शंभर रुपये व्याज दिले असता जेथे पूर्वी पस्तीस रुपये कर वाचत होता, तेथे हा पर्याय घेणाऱ्या कंपनीस पंचवीसच वाचू लागले. ढाल तीच, पण तिचा घेर लहान झाला. शिवाय धनकोला मिळालेल्या व्याजावर त्याला स्वतःला कर द्यावा लागतोच, आणि भागधारकाला मात्र भागाची किंमत वाढली तरी तो भाग विकीपर्यंत कर द्यावा लागत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ आपल्या हिशेबाहून काहीसा कमीच भरतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. चाळीस कोटींवर दहा कोटी मिळतात, तर ऐंशी कोटींवर वीस का मिळवू नयेत? नियमाप्रमाणे तर मिळावयास हवेत. पण ऐंशी कोटी मागावयास गेल्यावर धनको दहा टक्क्यांवर राजी होणार नाही. तो बारा मागेल. व्याज होईल ९ कोटी ६० लाख. चांगल्या वर्षी १५ कोटींतून तेही भागेल. पण सूतगिरणीला प्रत्येक वर्ष चांगले कोठे असते? एखाद्या साली कापसाचा भाव चढतो, सुताचा पडतो, आणि १५ कोटींच्या जागी ६ कोटीच उरतात. चाळीस कोटींचे कर्ज असलेली गिरणी त्या वर्षी ४ कोटी व्याज देऊन, उरल्या दोन कोटींवर कर भरून, दीड कोटी शिल्लक टाकील. ऐंशी कोटींची कर्जदार गिरणी मात्र ३ कोटी ६० लाखांनी तोट्यात जाईल.

त्या वर्षी ढालीचे काय झाले ते पाहा. व्याज ९ कोटी ६० लाख. पण वाचवावयाचा कर मुळी सहा कोटींवरचाच होता, म्हणजे दीड कोटी. उरलेल्या ३ कोटी ६० लाखांच्या व्याजाने त्या वर्षी एक पैसाही कर वाचविला नाही. तो तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो खरा, पण आठच वर्षे. आणि नफा पुन्हा आला तरच. कराची ढाल धरावयास नफ्याचा हात लागतो. नफाच नाही तर ढाल कोण धरणार?

आपल्या कायद्यात याहूनही एक कडक तरतूद होती, ती या विषयात फारशी कोणी सांगत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ब प्रमाणे बँकेचे व सरकारी वित्तसंस्थांचे व्याज नुसते देणे झाले म्हणून वजा मिळत नसे. ते प्रत्यक्ष भरले असेल तरच मिळे. इतकेच नव्हे, तर थकलेले व्याज बँकेने नव्या कर्जात मिळवून घेतले, तरी कायदा त्यास भरणा मानीत नसे. म्हणजे ज्या वर्षी कंपनीला बँकेचे व्याज भरता आले नाही, नेमक्या त्याच वर्षी त्या व्याजावरील करसवलतही तिच्या हातून निसटे. कर्ज वाढविताना कागदावर जी बचत पक्की म्हणून मांडलेली असते, ती अडचणीच्या वेळी अशी पातळ होत जाते.

परंतु ढाल पातळ होणे हे एक दुःख. मुख्य दुःख निराळे आहे. कंपनी डबघाईस आली म्हणजे जो खर्च होतो, त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. भागधारकाचा पैसा बुडून कारखाना धनकोच्या ताब्यात गेला, एवढ्याने एकूण मत्ता घटत नाही. कारखाना जागीच असतो, मालक तेवढा बदलतो. खरी हानी ती, जी कोणाच्याच पदरात न पडता वाया जाते. वकील, हिशेबतपासनीस व न्यायालये यांवरील खर्च हा तिचा दिसणारा आणि त्यातल्या त्यात लहान भाग. मोठा भाग दिसत नाही. कच्चा माल देणारा व्यापारी उधारी बंद करतो. गिऱ्हाईक विचार करते की, उद्या ही कंपनी राहील की नाही, आणि दुसऱ्याकडे वळते. चांगले कारागीर व अधिकारी आधी सोडून जातात, कारण त्यांनाच दुसरीकडे जागा मिळते. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, फायद्याचे कामसुद्धा हाती घेता येत नाही. समजा, पाच कोटींचे यंत्र घेतले तर गिरणीची किंमत सात कोटींनी वाढणार आहे. पण वाढलेल्या सातांतील बहुतेक रक्कम आधी बुडत्या कर्जाचा खड्डा भरण्यातच जाणार असेल, तर कोणता भागधारक नवे पाच कोटी घालील? काम चांगले, पण ते होत नाही.

ही हानी किती होते? अँड्रेड व कॅप्लन या दोन अभ्यासकांनी, मुख्यतः अतिकर्जामुळेच अडचणीत आलेल्या अमेरिकेतील कंपन्या तपासून, १९९८ साली असा अंदाज दिला की, कंपनीच्या पूर्वीच्या किमतीच्या दहापासून तेवीस टक्क्यांपर्यंत हानी होते. आपल्या गिरणीसाठी आपण नव्वद कोटींचा पाचवा हिस्सा, म्हणजे १८ कोटी, धरू. आता प्रत्येक पायरीवर डबघाईचा संभव किती, याचा अंदाज करावयाचा; तो मी केवळ हिशेबापुरता करतो. ४० कोटींच्या कर्जावर संभव शंभरांत ५, ६० कोटींवर १५, आणि ८० कोटींवर ४५ धरू. चाळीस कोटींवर ढालीचे १० कोटी. त्यांतून १८ कोटींचे शेकडा पाच, म्हणजे ९० लाख वजा. निव्वळ लाभ ९ कोटी १० लाख. साठ कोटींवर ढालीचे १५ कोटी. वजा २ कोटी ७० लाख. निव्वळ १२ कोटी ३० लाख. ऐंशी कोटींवर कागदोपत्री ढाल २० कोटींची, पण वाईट वर्षी ती निरुपयोगी होत असल्यामुळे १७ च धरू. त्यांतून वजा ८ कोटी १० लाख. निव्वळ ८ कोटी ९० लाख.

या तीन आकड्यांत सगळे मर्म आहे. चाळिसांवरून साठांवर जाताना पाच कोटी अधिक मिळाले आणि त्यासाठी पावणेदोन कोटींच्या आसपास धोका पत्करावा लागला; सौदा चांगला. साठांवरून ऐंशींवर जाताना दोन कोटी अधिक मिळाले, पण सव्वापाच कोटींहून अधिक गमावले. ढाल सरळ रेषेत वाढते आणि मग थकते. धोका प्रथम हळूहळू आणि मग एकदम चढतो. म्हणून कर्जाला एक शिखर असते. त्या शिखराच्या अलीकडे कर्ज न घेणारा सरकारला नाहक जास्त कर देतो. पलीकडे जाणारा वाचलेल्या कराहून अधिक किंमत धोक्याच्या रूपाने मोजतो.

शिखर कोठे आहे हे मात्र प्रत्येक धंद्यात निराळे. हे समजण्यासाठी आता जळगावास येऊ. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन ही कंपनी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९६३ साली रॉकेल विकण्यापासून प्रारंभ केला. पुढे नळ्यांचा कारखाना निघाला आणि मग ठिबक सिंचनाने कंपनीचे नाव देशोदेशी गेले. केळीच्या बागांतून पसरलेल्या त्या काळ्या नळ्या पाहिल्या नाहीत असा खानदेशी शेतकरी विरळाच. कंपनीने परदेशांतील कंपन्याही घेतल्या. इस्रायलच्या नानदान कंपनीतील अर्धा वाटा २००७ साली आणि उरलेला २०१२ साली. या वाढीस पैसा लागला, आणि त्याचा मोठा भाग कर्जाचा होता. २०१७ साली कंपनीच्या परदेशी शाखेने २० कोटी डॉलरचे रोखे पाच वर्षांच्या मुदतीने, सात टक्क्यांहून काहीशा अधिक व्याजाने विकले.

ठिबक सिंचनाच्या धंद्याचे एक खास लक्षण आहे. शेतकऱ्याला संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा सरकारी अनुदान म्हणून मिळतो. २०१७ पासून केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस मान्य खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के असे प्रमाण होते, आणि कित्येक राज्ये त्यात आपली भर घालीत. कित्येक राज्यांत हा पैसा थेट कंपनीकडे येई, पण तपासणी, मंजुरी आणि तिजोरीतील तरतूद एवढे टप्पे ओलांडून. माल आज शेतात गेला, विक्री आज वहीत चढली, नफा आज दिसला, त्यावरील कर या वर्षीच देणे झाला. पैसा मात्र कित्येक महिन्यांनी हाती यावयाचा. मधल्या काळात कच्च्या मालाचे पैसे कोठून द्यावयाचे? बँकेकडून घेतलेल्या खेळत्या भांडवलातून. म्हणजे विक्री जितकी वाढे तितके येणे वाढे, आणि जितके येणे वाढे तितके कर्ज वाढे. धंदा पुन्हा पावसावर अवलंबून. दुष्काळ पडला किंवा पाऊस लांबला तर शेतकरी खरेदी पुढे ढकलतो. अशा धंद्याचा नफा कागदावर ठसठशीत असतो, पण व्याज कागदाने देता येत नाही, ते रोख रकमेने द्यावे लागते.

२०१८ च्या सप्टेंबरात आय. एल. अँड एफ. एस. ही मोठी वित्तसंस्था कोसळली आणि देशातील पैशाचा बाजार आक्रसला. नवे कर्ज घेऊन जुने फेडणाऱ्या सर्वांनाच अडचण झाली. पुढील वर्षी लोकसभेची निवडणूक आली. २०१९ च्या मध्यास जैन इरिगेशनकडून कर्जाचे हप्ते थकले आणि पतमापन संस्थांनी तिची पत थकबाकीदाराच्या पायरीवर उतरविली. २०१८ च्या आरंभी जिचा भाग शंभर रुपयांच्या वर विकला जात होता, तिचाच भाग मार्च २०२० मध्ये दहा रुपयांच्याही खाली गेला. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या काळात ठिबक सिंचनाची उपयुक्तता काही संपली नव्हती. पाणी तेवढेच दुर्मिळ होते, कारखाने उभे होते, कसबी माणसे होती. रुतला होता तो पैसा.

आणि मग वर सांगितलेला अदृश्य खर्च एकेक करून दिसू लागला. खेळत्या भांडवलाच्या टंचाईमुळे कारखाने पूर्ण क्षमतेने चालविणे कठीण झाले. मागणी असूनही माल करावयास पैसा नाही, अशी स्थिती आली. त्यात २०२० ची महामारी आली. अनेक बँकांशी वाटाघाटी चालल्या आणि कर्जाच्या फेररचनेची योजना मार्च २०२२ मध्ये अमलात आली. हप्ते थकल्यापासून तोवर पावणेतीन वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. त्या योजनेत बँकांना आपल्या येण्याचा काही भाग नाममात्र व्याजाच्या रोख्यांत बदलून घ्यावा लागला. परदेशी रोखेधारकांशीही नव्या अटी ठराव्या लागल्या. ज्या व्यवस्थापनाचे लक्ष शेतात व कारखान्यात असावयाचे, ते इतका काळ धनकोंच्या बैठकांत गुंतले. त्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात स्वतंत्र ओळीने लिहिलेली सापडणार नाही.

शेवटचे पाऊल परदेशी धंद्याचे होते. जून २०२२ मध्ये कंपनीने आपला परदेशातील सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्याचे जाहीर केले. रिव्हुलिसमागे सिंगापूरच्या टेमासेक या संस्थेचे पाठबळ होते. हा व्यवहार मार्च २०२३ मध्ये पुरा झाला. त्यायोगे एकत्रित कर्ज सुमारे २,६०० कोटी रुपयांनी, म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास उतरेल, असे कंपनीने जाहीर केले होते. आणि तिच्याकडे नव्या कंपनीत पाचव्या हिश्शाच्या सुमारास वाटा राहिला. मिळालेली किंमत योग्य होती की नव्हती, हा निराळा प्रश्न आहे. पण पंधरा वर्षे जमवीत आणलेली गोष्ट केव्हा द्यावयाची, ही वेळ ठरविण्याची मोकळीक कर्जदाराला उरत नाही. कर्ज उतरले आणि कंपनी उभी राहिली, ही समाधानाची बाब आहे. तथापि तीच गोष्ट आधीच्या वर्षांतील थोड्या कमी कर्जाने साधली असती तर ती स्वस्त पडली असती.

यावरून शिखर कोठे असते याचे उत्तर मिळते. ज्या धंद्यात पैसा दर महिन्याला नियमाने हाती येतो, जसे वीज वाहून नेणाऱ्या तारांचे भाडे, त्याला अधिक कर्ज सोसते; कारण वाईट वर्षही फार वाईट नसते आणि तारा विकावयाच्या झाल्या तरी गिऱ्हाईक मिळते. ज्या धंद्याचा पैसा पावसावर आणि सरकारी तिजोरीवर टांगलेला आहे, त्याला तेवढाच नफा असला तरी कमी कर्ज सोसते. नफ्याच्या सरासरीवर कर्ज मोजणे ही चूक येथेच होते. कर दर वर्षी थोडा थोडा वाचतो, म्हणून त्याची बेरीज सरासरीने करता येते. डबघाई सरासरीने येत नाही, ती एका वर्षी सबंध येते.

एखाद्या कंपनीचा भाग घेण्यापूर्वी किंवा तिच्या ठेवीत पैसा ठेवण्यापूर्वी, तिचा वार्षिक अहवाल उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोख रक्कम दिसणाऱ्या नफ्याबरोबर चालते आहे काय? नफा वाढत असून रोख वाढत नसेल, तर तो नफा कोणाच्या तरी येण्यात अडकला आहे. दुसरी, हे येणे विक्रीहून वेगाने वाढते आहे काय? आणि तिसरी, गेल्या दहा वर्षांतील सर्वांत वाईट वर्षीची रोख मिळकत आजचे व्याज व आजचा हप्ता देण्यास पुरली असती काय? पुरली असती, तर त्या कर्जाने कराची ढाल मिळते, आणि तिचा लाभ घेणे शहाणपणाचे. पुरली नसती, तर कर वाचल्याचा आकडा कितीही गोड दिसो, तो लाभ उसना आहे, असे समजावे.

म्हणून कंपनीच्या बाबतीत ती जुनी म्हण खोटी ठरत नाही. तिला एक पुरवणी जोडावी लागते. चांगल्या वर्षीच्या नफ्यावर नव्हे, तर वाईट वर्षीच्या रोकडीवर कर्ज मोजावे. तेवढ्या मापाने काढलेले कर्ज सरकारचा कर कमी करते. त्याहून अधिक काढलेले कर्ज धंदाच कमी करते.